सरसकट १६ गुण की ६४ ला ८० धरून? विसाचं नेमकं काय होतं

प्रश्न: माझी धाकटी बहीण अहमदपूरला बारावी सायन्सला आहे. गणिताच्या सराव परीक्षेत ८० पैकी वर्गात सगळ्यात जास्त ६४ पडले. सर आधी म्हणाले, सगळ्यांना सरसकट १६ गुण वाढवतो. चार दिवसांनी म्हणाले, तसं नको, ६४ ला ८० धरून सगळ्यांचे काढतो. बहिणीला २० होते. पहिल्या हिशोबानं ३६ होतात, दुसऱ्यानं २५. पासला २८ लागतात. म्हणजे पास झालेली पोरगी नापास केली, आणि टॉपरला मात्र दोन्हीकडं ८०च. हा अन्याय नाही का? यातली बरोबर पद्धत कोणती?

उत्तर:

दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे. ६४ चे ८० करायचे म्हणजे प्रत्येकाचे गुण सव्वापट करायचे. माझ्या वडिलांच्या पिढीला सवायकीचा पाढा तोंडपाठ असायचा, त्यांना कागदही लागला नसता. वीस सव्वा पंचवीस.

मी परभणीला ज्युनिअर कॉलेजात चोवीस वर्षं गणित शिकवते. त्यातली नऊ वर्षं परीक्षा विभाग माझ्याकडं होता, त्यामुळं या दोन्ही पद्धती मी स्वतः वापरल्या आहेत आणि दोन्हींवरून पालकांची बोलणीही खाल्ली आहेत. तुम्हाला आवडेल असं उत्तर माझ्याकडं नाही. सरांनी पद्धत बदलायला कारण होतं असं मला वाटतं. पण आधी जाहीर करून नंतर बदलली, ते चुकलं.

आधी ते ११ गुण कुठं गेले ते बघू. सव्वापट म्हणजे मूळ गुण आणि वर त्यांचा चौथा हिस्सा. टॉपरच्या ६४ चा चौथा हिस्सा १६, म्हणून त्याचे ८० झाले. ज्याला ४० होते त्याला १० वाढले. बहिणीच्या २० ला ५ वाढले, आणि ज्या पोराला ८च होते त्याला २. सरसकटमध्ये या चौघांनाही १६ मिळाले असते. टॉपरला फरक पडत नाही, बाकी प्रत्येकाला पडतो, आणि जितकं खाली जाल तितका जास्त पडतो. तुमच्या बहिणीचे गुण टॉपरच्या गुणांच्या सोळापैकी पाच हिश्शांइतके आहेत, म्हणून वाढीच्या सोळा गुणांतले तिला पाचच आले. गुणाकार करून टॉपरला पूर्ण गुणांवर नेलं की दर वेळी हे असंच होतं: टॉपरची जी वाढ, तिचा तुमच्या गुणांच्या प्रमाणात हिस्सा.

आपल्याकडं अतिवृष्टीची मदत येते तेव्हा हाच वाद पारावर होतो. मदत खातेदारागणिक द्यायची की हेक्टरी? खातेदारागणिक दिली तर दोन एकरवाला खूश, हेक्टरी दिली तर वीस एकरवाला. दोघंही म्हणतात न्याय माझ्याच बाजूला आहे. आणि नुकसान नेमकं कशाचं झालं हे ठरल्याशिवाय दोघांपैकी कुणाला खोटं पाडता येत नाही. घर पडलं असेल तर घरागणिक, पीक गेलं असेल तर हेक्टरी. गुणांचंही तसंच आहे. ६४ च्या वरचे १६ गुण वर्गाच्या हातून का गेले, याचं उत्तर आधी हवं.

आमच्याकडं एका वर्षी घडलेलं सांगते. पोर्शन मागं पडला होता आणि सराव परीक्षेची तारीख ठरलेली होती. पेपर बोर्डाच्या धर्तीवर काढला. त्यात विभाग ड हा चार-चार गुणांचा, आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे, एकूण २० गुण. पेपर काढणाऱ्यानं आठपैकी सात प्रश्न डिफरन्शियल इक्वेशन आणि प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनवर टाकले, आणि हे धडे वर्गात सुरूच व्हायचे होते. म्हणजे त्या विभागात पोरांना सोडवता येण्यासारखा प्रश्न एकच, चार गुणांचा. उरलेले १६ गुण कोणाच्याच आवाक्यात नव्हते. पेपर कागदावर ८० चा, प्रत्यक्षात ६४ चा. तुमच्या बहिणीच्या वर्गातही असंच काही झालं असेल, असं क्षणभर धरू.

आता ते १६ गुण आवाक्यात असते, धडे शिकवून झालेले असते, तर तिला त्यातले किती मिळाले असते? दोन्ही पद्धती या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देतात. सरसकट म्हणते, १६ पैकी १६. प्रमाणातली वाढ म्हणते, जे ६४ गुण तिच्यासमोर होते त्यातले तिनं २० मिळवले, म्हणजे साधारण ३१ टक्के, तर याही १६ मधले त्याच दरानं ५ मिळवले असते. आलेल्या गुणांत तीनात एक जमणारी मुलगी न आलेल्या चार प्रश्नांत मात्र एकही चूक करणार नाही, असं मानायला मला तरी जड जातं. माझा स्वतःचा मुलगा असता तरी मी पंचवीसच धरले असते, आणि घरी त्यावरून दोन दिवस जेवण शांततेत झालं असतं.

सरांनी चार दिवसांत मत का बदललं असेल, याचा माझा अंदाज सांगते. सरसकट १६ वाढवले की पासची रेषा २८ वरून मूळ १२ वर येते. बोर्डाच्या धर्तीच्या पेपरात पहिलाच प्रश्न आठ बहुपर्यायींचा असतो, प्रत्येकी दोन गुण. त्यातले सहा जुळले की झाले १२. पुढची पानं कोरी ठेवली तरी पोरगा गणितात पास. सरांनी यादी तयार करायला घेतली असेल, अशी दोन-चार नावं डोळ्यांसमोर आली असतील आणि हात आखडला असेल. माझा असाच आखडला होता. प्रमाणात वाढवलं तर पास व्हायला मूळ २३ लागतात. २२ वाल्याचे साडेसत्तावीस होतात, म्हणजे त्याचा निकाल अपूर्णांक वर ढकलायचा की नाही यावर लटकतो. बारापासून एकवीसपर्यंतची सगळी पोरं सरसकटमध्ये पास आणि प्रमाणात नापास होतात. तुमची बहीण त्या घोळक्याच्या वरच्या टोकाला आहे, म्हणून तिला जास्त लागलं.

याचा अर्थ सरसकट पद्धत चुकीची असं मात्र नाही. नुकसान ठरावीक गुणांचं असेल आणि ते सगळ्यांचं सारखंच असेल, तिथं तीच योग्य. छापण्यात प्रश्न चुकला, उत्तर निघूच शकत नाही असं काहीतरी आलं, तर त्या प्रश्नाचे जितके गुण तितके द्यायचे. २०२३ च्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात चुका निघाल्या, तेव्हा राज्य मंडळानं काही अटी घालून ६ गुण द्यायचं ठरवलं, ते तुम्हाला आठवत असेल. तिथं कोणी टॉपर शोधत बसलं नाही. गुणांचा आकडा चुकलेल्या प्रश्नांनी ठरवला, वर्गातल्या हुशार पोरानं नाही. तुमच्या सरांच्या सरसकट १६ मध्ये हाच दोष आहे. १६ हा आकडा कोणत्या प्रश्नातून आला? पेपरातून नाही आला, ८० मधून ६४ वजा करून आला.

आणि प्रमाणात वाढवतानाही तीच चूक होते. आमच्या त्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त ६० होते, ६४ नव्हे. आवाक्यातले गुण ६४ होते आणि पहिल्या आलेल्या मुलीनंही त्यातले चार घालवले होते. तिचे ६० धरून ८० करायचे, असा आग्रह झाला. मी म्हटलं, भागायचं तर ६४ नं भागा. ते चार गुण तिनं स्वतःच्या चुकीनं घालवले आहेत, पेपरानं तिच्यावर अन्याय केला नाही. वीसवाल्याला यात फार फरक पडत नाही. ६४ नं भागलं तर २५, ६० नं भागलं तर सत्तावीसच्या जरा खाली. पण वर मोठा फरक पडतो. एकीकडं पहिलीला ७५ मिळतात, दुसरीकडं ८०. शेवटी ६४ नंच भागलं आणि ती मुलगी माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही.

टॉपरला खुंटा मानला की दुसरी एक अडचण येते. समजा तुमच्या वर्गातल्या ६४ वाल्यानं उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेतली आणि एका न तपासलेल्या पानावरचे चार गुण सापडून त्याचे ६८ झाले. आता सरसकट वाढ १६ ची १२ होते. तुमच्या बहिणीचे ३६ चे ३२. प्रमाणात काढलं तर २५ चे साडेतेवीस. तिच्या पेपरात एक अक्षर बदललेलं नाही, दुसऱ्याच्या पेपरातल्या चार गुणांनी तिचे गुण घसरले. गंमत अशी, की ज्या सरसकट पद्धतीनं तिला जास्त दिलं तीच टॉपरच्या हलण्यानं तिला जास्त हलवते. सरसकटमध्ये चारच्या चार गुण गेले, प्रमाणात दीड.

याचं टोक मी बघितलं आहे. एका बॅचला एक मुलगी होती, पाथरीकडची, गणितात सहसा चुकायची नाही. अवघड पेपरातही ७९. दुसरा क्रमांक ६१. आता काय वाढवणार? सरसकट एक गुण, आणि प्रमाणात काढलं तर विसाचे सव्वावीस. सगळा वर्ग तिच्याकडं बघतो, जणू तिनंच सगळ्यांचे गुण अडवून धरलेत. मग कोणीतरी सुचवतं, पहिल्या पाचांची सरासरी धरा. तिच्या वर्षी पहिले पाच ७९, ६१, ६०, ५८, ५७ असे होते, सरासरी बरोबर ६३. त्यानं भागलं तर ६१ वाल्याचे साडेसत्त्याहत्तर होतात. आणि मुलीचे होतात शंभर, पण पेपर ८० चा, म्हणून ८० वर थांबवायचे. मूळ अंतर १८ गुणांचं होतं, ते अडीच उरलं. तिच्या आईनं मला विचारलं, मॅडम, बाकीचे पंधरा कुठं गेले? तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही.

इथं एक गोष्ट बऱ्याच शिक्षकांच्याही लक्षात येत नाही, ती जरा सावकाश सांगते. नेहमी म्हणतात, पद्धत कोणतीही घ्या, क्रम काही बदलत नाही. पहिला पहिला राहतो, शेवटचा शेवटचा. एकट्या गणितापुरतं हे खरं आहे. पण सराव परीक्षेचे गुण नुसते गणिताचे कुठं वापरतो? सगळ्या विषयांची बेरीज करून आपण तुकड्या पाडतो, वरची बॅच वेगळी काढतो. आणि बेरजेत क्रम बदलू शकतो.

दोन मुलं घ्या. मुलाला गणितात ५६ आणि बाकी विषय मिळून २४०. मुलीला गणितात ४४, बाकी २५३. बेरीज मुलाची २९६, मुलीची २९७. मुलगी एका गुणानं पुढं. सरसकट १६ दिले तर ३१२ आणि ३१३. मुलगी अजूनही एका गुणानं पुढं, कारण दोघांना सारखंच मिळालं. आता सव्वापट करा. मुलाच्या ५६ चे ७० झाले, बेरीज ३१०. मुलीच्या ४४ चे ५५ झाले, बेरीज ३०८. मुलगा दोन गुणांनी पुढं गेला. दोघांमध्ये गणितात १२ गुणांचं अंतर होतं ते १५ झालं. म्हणजे प्रमाणात वाढवल्यानं गणित या विषयाचं वजनच बेरजेत गुपचूप वाढलं, आणि केमिस्ट्री-बायोलॉजीत चांगली असलेली पोरगी मागं पडली. म्हणून माझा नियम असा झाला आहे: वाढवलेले गुण एकट्या विषयाच्या पास-नापासासाठी वापरायचे, तुकड्या पाडायला मूळ गुण घ्यायचे. सगळ्या वर्गानं तोच पेपर दिलेला असतो, त्यामुळं क्रमासाठी वाढवायची मुळात गरजच नसते.

तुमच्या सरांनी गुण एक्सेलमध्ये काढले असतील तर आणखी एक गोष्ट तपासून बघा. ही चूक मी स्वतः केली आहे, माझ्या पहिल्या कॉलेजात, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. साठ मुलांचा वर्ग, गुण B रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून एकसष्टाव्या ओळीपर्यंत. पहिल्या मुलापुढं फॉर्म्युला लिहिला आणि कोपरा धरून खाली ओढला. हा तो फॉर्म्युला, चुकीचा:

```
=ROUND(B2*80/MAX(B2:B61), 0)
```

खाली ओढताना एक्सेल नुसती B2 ची B3 करत नाही, कंसातली सगळी यादीच एक-एक ओळ खाली सरकवतं. रोल नंबर १४ ला ६४ होते. चौदापर्यंतच्या सगळ्यांना ६४ नं भागलं गेलं, बरोबर. पंधरापासून पुढं यादीत तो मुलगा उरलाच नाही, तिथून खालचा सगळ्यात मोठा आकडा होता ५८. मग त्या पोरांना ५८ नं भागलं गेलं. नऊ नंबरच्या मुलीला २० होते, तिचे २५ झाले. वीस नंबरच्या मुलालाही २० होते, त्याचे साडेसत्तावीसच्या वर जाऊन २८ झाले. एक नापास, एक पास, मूळ गुण तेच. आणि यादी जशी खाली जाते तसा भागाकाराचा आकडा लहान होत जातो. शेवटच्या ओळीत तर तो मुलगा एकटाच उरतो, स्वतःला स्वतःनंच भागतो, आणि त्याला ८० पैकी ८० मिळतात. आमच्या साठ नंबरच्या पोराला मूळ ३१ होते. निकाल बोर्डावर लागला, तेव्हा तो बिचारा माझ्याकडं येऊन म्हणाला, मॅडम, काहीतरी गडबड झाली, मी एवढं लिहिलंच नाही. प्रामाणिक लेकरू. त्याच्यामुळं मला चूक कळली, नाहीतर नऊ नंबरची मुलगी तशीच राहिली असती.

ओळखायची खूण सोपी आहे. सारखे मूळ गुण असलेल्या दोघांचे वाढवलेले गुण सारखेच यायला हवेत. ते वेगळे असले, किंवा टॉपर एकच असताना ८० दोन-तीन जणांना दिसले, किंवा यादीतल्या शेवटच्या मुलाला ८० दिसले, की समजायचं यादी सरकली. कंसातल्या ओळींच्या आकड्यांआधी $ घातला की यादी जागेवर राहते. मी आता हे दोन वापरते. पहिला सरसकटचा, दुसरा प्रमाणाचा:

```
=IF(ISNUMBER(B2), MIN(80, B2+80-MAX(B$2:B$61)), "AB")
=IF(ISNUMBER(B2), ROUND(B2*80/MAX(B$2:B$61), 0), "AB")
```

सुरुवातीचा ISNUMBER गैरहजर मुलांसाठी आहे. यादीत त्यांच्यापुढं AB लिहिलेलं असतं, त्यामुळं साधा फॉर्म्युला तिथं #VALUE! दाखवतो. ते दिसायला वाईट दिसतं म्हणून कोणीतरी AB च्या जागी शून्य टाकतं. प्रमाणात वाढवताना शून्याची सव्वापट शून्यच राहते, काही कळत नाही. सरसकटमध्ये मात्र परीक्षेला न आलेल्याला १६ गुण मिळतात. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण प्रगतिपत्रकावर छापून घरी गेलेलं मी पाहिलं आहे. मूळ गुण आणि वाढवलेले गुण वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायचे आणि उत्तरपत्रिकेवर मूळच गुण राहू द्यायचे, एवढं केलं तरी यातलं बरंचसं पकडता येतं.

सरांकडं गेलात तर अन्याय हा शब्द आधी काढू नका. विचारा, की १६ गुण कोणत्या प्रश्नांत गेले. न शिकवलेल्या धड्यावरचे प्रश्न होते, असं ते म्हणाले, तर ते नेमके किती गुणांचे होते तेवढं विचारा. ते १६ निघाले तर पंचवीस हा आकडा पटण्यासारखा आहे. न शिकवलेलं जास्त निघालं, समजा २० गुणांचं, तर आवाक्यातला पेपर ६० चाच राहतो. मग चौसष्ट कसे पडले हाच प्रश्न येतो. कुणीतरी शिकवणीत तो धडा आधीच करून आला असणार. लातूरच्या आसपास हे नेहमीचं आहे. अशा वेळी टॉपरनं भागणं चूकच, कारण त्याच्या ६४ मध्ये वर्गात न शिकवलेल्याचेही गुण आहेत. प्रत्येकाचे त्या ६० मधलेच गुण मोजून मग ८० वर न्यायचे. बहिणीचे वीसच्या वीस त्या ६० मधलेच असतील तर तिचे सव्वीस-सत्तावीस होतात, म्हणजे पंचविसापेक्षा दीड-पावणेदोन गुणच जास्त. आणि समजा काहीच विशेष झालेलं नाही, पेपर नुसता अवघड होता, असं सर म्हणाले, तर वाढवायचंच कशाला, हे मी सरांना विचारलं असतं. सराव परीक्षेत मुलाला त्याचं खरं माप कळलेलं बरं.

आता बहिणीकडं बघू. ११ गुण गेले या हिशोबात तुमची नजर एका गोष्टीवरून सटकली आहे. प्रमाणाच्या पद्धतीत तिचा मूळ एक गुण सव्वा मोजला जातो. २५ वरून २८ वर जायला तिला तीन नाही, मूळ दोनच गुण हवेत. २२ चे साडेसत्तावीस होतात आणि पूर्णांकात २८. अर्धा गुण वर ढकलायची पद्धत तुमच्या कॉलेजात नसेल तर अडीच. दोन गुण म्हणजे एक बहुपर्यायी प्रश्न, किंवा तीन गुणांच्या उदाहरणातल्या दोन पायऱ्या.

म्हणून उत्तरपत्रिका मागून घ्या आणि तिच्याजवळ बसून बघा. पहिल्या पानावरची बेरीज आतल्या गुणांशी ताडून पाहा. साठ-सत्तर पेपर रात्री बसून तपासले की बेरजेत चूक होतेच, माझ्याकडूनही झाली आहे. पुरवणीचा एखादा कागद दोऱ्यात मागं राहून न तपासलेला आहे का ते बघा. मग उत्तर चुकलेली पण रीत बरोबर असलेली उदाहरणं शोधा. मॅट्रिक्सच्या उदाहरणात व्यस्त काढायची मांडणी बरोबर केली आणि शेवटच्या गुणाकारात चिन्ह चुकलं, तर पायऱ्यांचे गुण मिळायला हवेत. तिथं सरांनी शून्य दिलं असेल तर त्या एका प्रश्नाबद्दल बोला. ते गुण मिळाले तर त्यांची सव्वापट आपोआप होईल.